कर्जाचा हप्ता अंदाजपत्रकात कुठे लिहायचा? व्याज आणि मुद्दल वेगळं काढण्याची रीत

आमच्या संस्थेची एक विनाअनुदानित शाळा आहे. नव्या वर्गखोल्यांसाठी नागरी सहकारी बँकेकडून कर्ज काढलं. त्यानंतरच्या पहिल्या अंदाजपत्रकात खर्चाच्या यादीत मीच एक ओळ लिहिली होती : ‘बँक कर्ज हप्ते – १०,६७,७३६’. अध्यक्षांना काही वावगं वाटलं नाही, सभेनं टाळ्या वाजवून मंजुरी दिली. ऑडिटरनं मात्र कागद परत माझ्याकडे सरकवला. "खजिनदार, यातला खर्च किती आणि कर्जफेड किती?" मी म्हटलं, "हप्ता म्हणजे खर्चच की." ते हसले, पण कागद घेतला नाही.

हप्त्यातलं व्याज हा खर्च आहे, कारण ते पैसे वापरण्याचं भाडं आहे. मुद्दल मात्र खर्च नाही. आपलं देणं तेवढ्यानं कमी होतं आणि त्या पैशांची इमारत आधीच आपल्या नावावर उभी असते. बँकेतून पैसे दोन्हींसाठी जातात, म्हणून दोन्ही अंदाजपत्रकात हवेत, पण वेगवेगळ्या जागी. हे वेगळं कसं काढायचं ते आमच्याच आकड्यांवर दाखवतो.

आधी हाताशी घ्यायचे कागद

तीन कागद लागतात : बँकेचं मंजुरीपत्र, परतफेडीचं वेळापत्रक आणि कर्जखात्याचं ताजं स्टेटमेंट. सार्वजनिक न्यास असेल तर कर्ज काढण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. त्या आदेशाची प्रतही याच फाइलीत ठेवा, पुढे लागते.

मंजुरीपत्रात चार गोष्टी शोधायच्या. व्याजदर स्थिर आहे की बदलता, हप्त्याची तारीख कोणती, व्याज हप्त्याच्या दिवशी लागतं की महिनाअखेरीस, आणि हप्ता कोणत्या पद्धतीचा आहे. शेवटच्या गोष्टीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. हप्ते दोन प्रकारचे असतात. एकात दरमहा एकूण रक्कम सारखी राहते आणि आतली वाटणी बदलत जाते. दुसऱ्यात मुद्दलाचा हप्ता सारखा असतो आणि व्याज वेगळं लागतं, त्यामुळे सुरुवातीचे महिने जड जातात. दुसऱ्या प्रकारात वाटणी आयतीच मिळते. डोकेदुखी पहिल्या प्रकारात असते, आणि आमचं कर्ज त्याच प्रकारचं आहे.

आमचे आकडे असे : कर्ज ४०,००,०००, दर वर्षाला १२ टक्के, मुदत ६० महिने, हप्ता ८८,९७८. रक्कम सप्टेंबर २०२५ मध्ये एकदम उचलली, पहिला हप्ता ५ ऑक्टोबर २०२५ ला गेला. म्हणजे २०२६-२७ च्या अंदाजपत्रकात सातवा ते अठरावा असे बारा हप्ते येतात.

महिन्याची वाटणी

१२ टक्के वर्षाला म्हणजे महिन्याला १ टक्का, म्हणून हिशेब तोंडी जमतो. ५ मार्च २०२६ चा सहावा हप्ता गेल्यावर मुद्दल शिल्लक राहिलं ३६,९८,६८७. त्याचा एक टक्का म्हणजे ३६,९८७, हे सातव्या हप्त्यातलं व्याज. हप्ता ८८,९७८, त्यातून व्याज वजा केलं की ५१,९९१ मुद्दलात जातात. नवी शिल्लक ३६,४६,६९६. पुढच्या महिन्यात या शिल्लकेचा एक टक्का घ्यायचा. एवढीच रीत बारा वेळा करायची.

| हप्त्याचा महिना | व्याज | मुद्दल | हप्त्यानंतरची शिल्लक |
|---|---|---|---|
| एप्रिल २०२६ | ३६,९८७ | ५१,९९१ | ३६,४६,६९६ |
| मे | ३६,४६७ | ५२,५११ | ३५,९४,१८५ |
| जून | ३५,९४२ | ५३,०३६ | ३५,४१,१४९ |
| … | | | |
| मार्च २०२७ | ३०,९७३ | ५८,००५ | ३०,३९,३०९ |
| वर्षाची बेरीज | ४,०८,३५८ | ६,५९,३७८ | |

बेरीज बरोबर आहे की नाही हे ताडायला दोन खुणा आहेत. व्याज आणि मुद्दल मिळून बारा हप्त्यांची रक्कम यायला हवी, इथे १०,६७,७३६. आणि वर्षाच्या सुरुवातीच्या शिल्लकेतून शेवटची शिल्लक वजा केली की नेमकं मुद्दल निघायला हवं : ३६,९८,६८७ वजा ३०,३९,३०९ म्हणजे ६,५९,३७८. या दोन्ही कसोट्या लागल्या तर बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, पण एखाद्या महिन्याचं व्याजच चुकीचं काढलं असेल तर ते यात सापडत नाही.

एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये करायचं असेल तर वर्षाचं व्याज आणि मुद्दल एकेका सूत्रात निघतं :

```
=CUMIPMT(12%/12,60,4000000,7,18,0)
=CUMPRINC(12%/12,60,4000000,7,18,0)
```

उत्तर वजा चिन्हात येतं, कारण पैसे बाहेर जाताहेत. हप्ता बँक पूर्ण रुपयात धरते, त्यामुळे दोन-तीन रुपयांचा फरक दिसला तर तो सोडून द्यायचा. सूत्रातले ७ आणि १८ हे हप्त्यांचे क्रमांक आहेत, महिन्यांचे नव्हेत. इथे १ आणि १२ घातले की पहिल्या बारा हप्त्यांचं व्याज येतं आणि चूक कुणाच्या लक्षातही येत नाही.

बँकेचं छापील वेळापत्रक असताना हे स्वतः कशाला करायचं, असं वाटेल. मधे दर बदलला असेल, एखादा हप्ता उशिरा गेला असेल किंवा काही रक्कम आधीच भरली असेल, तर ते वेळापत्रक जुनं झालेलं असतं. म्हणून सुरुवातीची शिल्लक नेहमी स्टेटमेंटमधून घ्यायची, वेळापत्रकातून नाही.

भागाकाराचा मोह

संस्थांच्या अंदाजपत्रकात मला सर्वात जास्त दिसलेली चूक ही. साठ हप्ते मिळून ५३,३८,६८० भरायचे, त्यातलं कर्ज ४० लाख, म्हणजे व्याज १३,३८,६८०. ते पाच वर्षांत वाटलं की वर्षाला २,६७,७३६ व्याज आणि ८ लाख मुद्दल. गणित सरळ दिसतं, पण व्याज शिल्लक रकमेवर लागतं आणि सुरुवातीला शिल्लक मोठी असते. आमच्या २०२६-२७ मध्ये खरं व्याज ४,०८,३५८ आहे. भागाकारानं केलं असतं तर खर्चात १,४०,६२२ कमी दिसले असते. तेवढ्यात एका शिक्षकाची नेमणूक बसते असं वाटून समितीनं ती करूनही टाकली असती.

यातच आणखी एक गोष्ट कळते. हप्ता तोच राहतो, पण दरवर्षी व्याज उतरतं आणि मुद्दल चढतं. २०२७-२८ मध्ये व्याज ३,२४,७३३ होईल आणि मुद्दल ७,४३,००३. म्हणून अंदाजपत्रकात गेलं, चालू आणि पुढचं अशी तीन वर्षं शेजारी शेजारी दाखवावीत. नाहीतर पुढच्या वर्षी खर्च कमी झाला म्हणून कुणीतरी पाठ थोपटून घेतं, आणि बँकेतून जाणारे पैसे मात्र एक रुपयानंही कमी झालेले नसतात.

३१ मार्चची भानगड

हप्ता ५ तारखेला जातो आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. मधल्या दिवसांचं व्याज कुणाचं?

५ मार्च २०२६ नंतर शिल्लक ३६,९८,६८७ आहे. वर्षाचं व्याज १२ टक्क्यांनी ४,४३,८४२, म्हणजे दिवसाला १,२१६ रुपये. ६ ते ३१ मार्च या २६ दिवसांचं व्याज झालं ३१,६१६. हे पैसे आपण ५ एप्रिलला देणार, पण वापर मार्चमधला आहे, म्हणून ते २०२५-२६ च्या खर्चात धरायचे आणि ताळेबंदात देणं म्हणून दाखवायचे. मार्च २०२७ अखेरीस तीच स्थिती पुन्हा येते. तेव्हा शिल्लक ३०,३९,३०९, दिवसाचं व्याज सुमारे ९९९, आणि २६ दिवसांचं २५,९८०.

म्हणून २०२६-२७ साठी व्याजाचे दोन आकडे होतात. बँकेतून जाणारं व्याज ४,०८,३५८. खर्चात धरायचं व्याज मात्र ४,०८,३५८ वजा ३१,६१६ अधिक २५,९८०, म्हणजे ४,०२,७२२. फरक साडेपाच हजारांचा आहे आणि छोट्या संस्थेनं तो सोडला तर आभाळ कोसळत नाही. पहिल्या वर्षी मात्र सोडू नये, कारण तिथे वजा करायला मागचं काही नसतं आणि ३१,६१६ चा पूर्ण आकडा खर्चातून निसटतो.

तुमची बँक व्याज महिनाअखेरीस कर्जखात्यात नावे टाकत असेल तर हे काम तीच करते. मग ३१ मार्चला स्टेटमेंटवर ३६,९८,६८७ ऐवजी सुमारे ३७,३०,३०० दिसतात. असा आकडा बघून घाबरायचं नाही, आणि वर आपणही वेगळी तरतूद करायची नाही. नाहीतर तेच व्याज दोनदा लागतं.

आणखी एक बारकी गोष्ट. बँक व्याज दिवसांवर मोजते. ५ मार्च ते ५ एप्रिल ३१ दिवस होतात, त्यामुळे एप्रिलच्या हप्त्यात प्रत्यक्ष व्याज ३६,९८७ ऐवजी ३७,६९६ लागू शकतं. फेब्रुवारीचे दिवस ज्यात येतात त्या हप्त्यात ते बरंच खाली येतं. वर्षाची बेरीज जवळपास जुळते. अंदाजपत्रकासाठी महिन्याचा एक टक्का पुरतो, हिशेब लिहिताना मात्र स्टेटमेंटचाच आकडा घ्यायचा.

अंदाजपत्रकातली जागा

आता मांडणी. आम्ही कर्जाचं एक स्वतंत्र परिशिष्ट जोडतो आणि त्यातले आकडे दोन ठिकाणी नेतो.

| कर्जफेड परिशिष्ट | २०२५-२६ | २०२६-२७ | २०२७-२८ |
|---|---|---|---|
| हप्त्यांतलं व्याज | २,३२,५५५ | ४,०८,३५८ | ३,२४,७३३ |
| हप्त्यांतलं मुद्दल | ३,०१,३१३ | ६,५९,३७८ | ७,४३,००३ |
| एकूण हप्ते | ५,३३,८६८ | १०,६७,७३६ | १०,६७,७३६ |

व्याज महसुली खर्चात जातं, ‘कर्जावरील व्याज’ या नावानं. मुद्दल भांडवली बाजूला, ‘बँक कर्जाची परतफेड’ म्हणून. दंडाचे पैसे, विमा, प्रक्रिया शुल्क हे व्याजात मिसळायचं नाही. दंड तर वेगळाच दिसायला हवा. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार हप्ता चुकल्याचा दंड व्याजदरात वाढ करून लावता येत नाही, आकार म्हणून लावावा लागतो, आणि त्या आकारावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. वेगळी ओळ असेल तरच हे तपासता येतं.

मुद्दल वेगळं दिसण्याचा न्यासाला आणखी एक उपयोग आहे. आयकरात धर्मादाय संस्थेला उत्पन्नाचा ठरावीक भाग उद्दिष्टासाठी वापरल्याचं दाखवावं लागतं. कर्जाच्या पैशातून झालेलं बांधकाम त्या वर्षी वापर म्हणून धरलं जात नाही. स्वतःच्या उत्पन्नातून मुद्दल ज्या वर्षी फेडलं त्या वर्षी ते धरता येतं, काही अटींसह. आकडा एका ओळीत गुंडाळलेला असेल तर सीएला तो पुन्हा उकरून काढावा लागतो.

पैसे पुरतात का, हे आता बघू. शाळेचं अपेक्षित उत्पन्न ९६,००,०००. पगार, वीज, दुरुस्ती वगैरे चालू खर्च, व्याज आणि घसारा सोडून, ८४,५०,०००. उरले ११,५०,०००. इथून दोन वाटा फुटतात.

खर्चाच्या वाटेनं गेलो तर ११,५०,००० मधून व्याज ४,०२,७२२ आणि घसारा सुमारे ५,००,००० जातो. शिल्लक २,४७,२७८. सभेपुढे हाच आकडा येतो आणि सगळे खूश होतात.

रोखीच्या वाटेनं गेलो तर ११,५०,००० मधून हप्ते १०,६७,७३६ जातात. घसाऱ्याचे पैसे कुणाला द्यायचे नसतात, म्हणून तो इथे नाही. उरतात ८२,२६४. वर्षभरात पाण्याची मोटर जळाली किंवा दहा-बारा मुलांनी शाळा सोडली की हे संपले.

अडीच लाखांची शिल्लक दाखवणारी संस्था प्रत्यक्षात ऐंशी हजारांवर उभी आहे, हे हप्ता फोडल्याशिवाय दिसत नाही. बँका यासाठी एक गुणोत्तर बघतात : व्याज आणि घसाऱ्यापूर्वीची शिल्लक भागिले वर्षाचे हप्ते. आमचं ११,५०,००० भागिले १०,६७,७३६, म्हणजे १.०८. बँकेला साधारण सव्वा किंवा त्याहून वर हवं असतं. आम्ही त्या वर्षी संगणक कक्षाची खरेदी पुढे ढकलली. सचिव दोन महिने माझ्याशी नीट बोलत नव्हते.

महिन्याचा ताण

वर्षाची बेरीज जुळली तरी महिने जुळतीलच असं नाही. आमच्याकडे फी मुख्यतः जूनमध्ये आणि दिवाळीनंतर येते, हप्ता मात्र दर ५ तारखेला. एप्रिल आणि मे कोरडे जातात. त्या दोन हप्त्यांचे १,७७,९५६ मागच्या वर्षीच्या फीतूनच बाजूला काढून ठेवावे लागतात. आम्ही फेब्रुवारीत ही रक्कम वेगळ्या बचत खात्यात टाकतो आणि त्या खात्याला हात लावायला दोन सह्या लागतात. परिशिष्टाखाली बारा महिन्यांची एक ओळ काढा, वर फीची अपेक्षित आवक आणि खाली हप्ता. कुठल्या महिन्यात उणे येतं ते लगेच कळतं.

दर वाढला तर

बदलत्या दराच्या कर्जात एक गैरसमज पक्का असतो : दर वाढला की हप्ता वाढेल. पुष्कळदा बँक हप्ता तोच ठेवते आणि मुदत लांबवते. मग एकूण १०,६७,७३६ बदलत नाहीत, आतली वाटणी बदलते. समजा १ ऑक्टोबर २०२६ पासून दर १२.५ टक्के झाला. उरलेल्या सहा महिन्यांत व्याज सुमारे ८,१०० नं वाढेल आणि मुद्दल तेवढंच कमी फिटेल. वर्षभर पूर्ण एक टक्का जास्त धरला तर फरक ३४,००० च्या आसपास जातो. आम्ही व्याजाच्या ओळीत काही वाढवत नाही, ‘व्याजदर बदलासाठी तरतूद’ अशी वेगळी ओळ ३५,००० ची ठेवतो. व्याजातच वाढवून लिहिलं तर ताळा लागत नाही आणि चूक कुठे झाली हे शोधता येत नाही.

ज्यांचा मुद्दलाचा हप्ता सारखा आहे, त्यांना मात्र दर वाढला की तो फटका त्याच महिन्यात रोखीनं बसतो. त्यांनी ही तरतूद जरा सढळ हातानं करावी.

नोंद चुकली हे कसं ओळखायचं

अंदाजपत्रक चांगलं झालं तरी वर्षभर हिशेब लिहिणारा हप्ता एकाच खात्यात टाकत असेल तर तुलना फुकट जाते. आमच्या कारकुनानं पहिले सहा महिने पूर्ण हप्ता ‘बँक कर्ज’ खात्यात टाकला. वहीत शिल्लक दिसत होती ३४,६६,१३२ आणि बँकेकडे ३६,९८,६८७. फरक २,३२,५५५. सहा महिन्यांच्या व्याजाची बेरीजही नेमकी तेवढीच होती, तेव्हा चूक लगेच सापडली. उलटी चूक, म्हणजे पूर्ण हप्ता व्याजात टाकणं, याहून वाईट. त्यात वहीतलं कर्ज ४०,००,००० वरच अडकून राहतं आणि तूट फुगते.

आम्ही आता हप्त्याच्या दिवशी दोन नोंदी करतो. बँकेनं लावलेलं व्याज : व्याज खातं नावे, कर्ज खातं जमा. भरलेला हप्ता : कर्ज खातं नावे, बँक जमा. एप्रिलमध्ये कर्ज खात्यात ३६,९८७ जमा आणि ८८,९७८ नावे पडले की शिल्लक आपोआप ५१,९९१ नं उतरते. वाटणी डोक्यानं करावी लागत नाही.

जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च या महिन्यांत हप्ता गेल्यावर बँकेकडून कर्जखात्याचं स्टेटमेंट मागवतो आणि परिशिष्टातल्या त्या महिन्याच्या शिल्लकेशेजारी तो आकडा पेन्सिलनं लिहितो. ५ जून २०२६ नंतर आमच्या कागदावर ३५,४१,१४९ आहेत. बँकेचा आकडा दोनेक हजारांच्या आत वेगळा असेल तर ती बहुधा दिवसांची तफावत. त्याहून जास्त वेगळा असेल तर दर बदलला आहे, दंड लागला आहे किंवा हप्ता उशिरा गेला आहे, आणि त्याच आठवड्यात शाखेत जाऊन विचारायचं.